बाळाच्या मालिशला कुठलं तेल? खोबरेल, मोहरी, बदाम की बेबी ऑइल?

भांडुपची_स्नेहा
लेक तीन आठवड्यांची झाली. पूर्ण दिवसांची, जन्माच्या वेळी २ किलो ९००. घरात सध्या तेलाचं दुकान निघालंय. सासूबाईंनी बदाम तेल आणलं ("आमच्या वेळी परवडायचं नाही, आता परवडतंय तर लाव"). समोरच्या भाभींनी त्यांच्या गावाहून आलेलं मोहरीचं तेल दिलं. मालिशवाल्या मावशी त्यात लसूण-ओवा टाकून कडकवतात आणि कोमट करून चोळतात. आई फोनवरून खोबरेल, खोबरेल करते. नणंदेने बेबी ऑइलची बाटली दिली आहे.

पहिले काही दिवस काहीच लावलं नव्हतं. गेल्या आठवड्यापासून मावशी मोहरीचं लावतायत आणि आता अंगावर लाल उठलंय. मावशी म्हणतात उष्णता बाहेर पडतेय, चालू ठेवा. यातलं नेमकं कुठलं लावायचं आणि कुठलं अजिबात नाही? ऑक्टोबरचा उकाडा आहे, घरात एसी नाही.

कल्याण_लोकल
चारही तेलं एकत्र करा आणि घरच्यांसाठी भजी तळा. बाळाला काही लावू नका. (बेबी ऑइल मात्र भज्यात नको.)

आजीचा_बटवा
खोबरेल. डोळे मिटून. आमच्या आळीत तीन पिढ्या खोबरेलावर वाढल्या, कुणाला काही झालं नाही. मोहरी ही उत्तरेकडची थंडीतली गोष्ट, ती मुंबईत कशाला? आणि बेबी ऑइल म्हणजे पेट्रोलच आहे हो, खनिज तेल. कातडीतून रक्तात जातं आणि पुढे कॅन्सर होतो. ते आधी कचऱ्यात टाका.

गुडघेदुखी_ग्रस्त
मोहरीच्या तेलात लसूण कडकवून लावल्याने मला चांगला आराम पडतो. ओवा घालावा का? रात्री लावून फडकं बांधलं तर चालेल का? वय ६१.

कल्याण_लोकल
काका, धागा तीन आठवड्यांच्या बाळाचा आहे.

गुडघेदुखी_ग्रस्त
हो का. असू दे. ओव्याचं सांगा पण.

सिस्टर_आक्का
स्नेहा, तेलाचं नंतर बघू, आधी पुरळाचं सांग. नवजात विभागात नोकरी करून निवृत्त झालेय, म्हणून विचारते. लाल नेमकं कुठे आहे? मानेच्या आणि काखेच्या वळ्यांत, की छाती, पाठ, मांड्या अशा उघड्या जागी? लंगोटाखाली आहे का? हाताला खरखरीत लागतं की टाचणीच्या टोकाएवढे दाणे आहेत? कुठे पू दिसतो का, पिवळी खपली आहे का? दूध नीट पितेय ना, अंग तापलंय का?

आणि एक. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बऱ्याच बाळांच्या अंगावर लाल चट्टे येतात, मध्ये पिवळसर-पांढरा ठिपका असतो. ते आठवडाभरात आपोआप जातात. त्याचा तेलाशी संबंध नसतो. तुझं त्यातलं वाटत नाही, कारण ते तिसऱ्या आठवड्यात सुरू होत नाही. तरी विचारून घेते.

भांडुपची_स्नेहा
आक्का, छातीवर, पाठीवर आणि मांड्यांवर लाल पट्टे आहेत, हात फिरवला तर किंचित खरखरीत लागतात. लंगोटाखाली स्वच्छ आहे. मानेच्या वळ्यांत मात्र वेगळंच दिसतं, बारीक बारीक दाणे. पू नाही, ताप नाही, दूध व्यवस्थित पितेय. मोहरीचं तेल सुरू केल्यावर एक-दोन दिवसांतच हे सुरू झालं.

सिस्टर_आक्का
मग या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यायत, असं वाटतं. छाती-पाठ-मांड्यांवर, म्हणजे मावशींचा हात जिथे फिरतो तिथे लाल आहे आणि लंगोटाखाली, जिथे तेल पोचत नाही, तिथे साफ आहे. तेल सोसत नसेल तर नेमकं असंच दिसतं. मोहरीच्या तेलाला जो झणझणीतपणा असतो, नाकात जातो तो, त्यातल्या तिखट द्रव्याने नाजूक कातडीवर जळजळ होते. लसूण-ओवा घालून कडकवलं की आणखी भर पडते. लसूण तर नुसता चोळला तरी मोठ्या माणसाची कातडी भाजते. मानेतले दाणे ही घामोळी आहेत. उकाडा, त्यात वळ्यांत साचलेलं तेल, घामाची वाट बंद.

आठवडाभर सगळं थांबव. तेल नाही, डाळीचं पीठ नाही, उटणं नाही, पावडर नाही. पावडर घामोळ्यांवर मारायचा मोह होतो, पण ती वळ्यांत चिकटते आणि बाळाच्या श्वासातही जाते. दिवसातून एकदा कोमट पाण्याने पटकन आंघोळ घाल, वळ्या हलक्या हाताने टिपून कोरड्या कर, मलमलची झबली घाल आणि पंखा लाव. पंखा लावायला घाबरू नकोस, वारा थेट अंगावर येऊ देऊ नकोस म्हणजे झालं.

पू दिसला, फोड आले, पिवळी खपली धरली, बाळ दूध घेईना किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर धाग्यावर उत्तराची वाट बघत बसू नकोस. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर.

आजीचा_बटवा
पण मावशी म्हणतात तसं उष्णता बाहेर पडतच असेल की! आमच्याकडेही असंच म्हणायचे.

सिस्टर_आक्का
बटवाताई, उष्णता बाहेर पडायची तर लंगोटाखालून का नाही पडली?

लेबल_वाचणारा
सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात काम करतो, म्हणून बेबी ऑइल आणि बदाम तेलाबद्दल दोन शब्द.

बटवाताई, खनिज तेल कच्च्या तेलापासून निघतं हे खरं, पण बाटलीत येईपर्यंत ते इतकं शुद्ध केलेलं असतं की त्याला पेट्रोल म्हणणं अन्यायच आहे. कातडीतून ते रक्तात जात नाही, वर थर होऊन बसतं. त्याची ॲलर्जी जवळपास कुणाला येत नाही. त्याचा तोटा वेगळा आहे: ते कातडीला खायला काही देत नाही, फक्त झाकून ठेवतं. उकाड्यात झाकणं म्हणजे घामोळ्यांना आमंत्रण. बेबी ऑइलमध्ये सुगंध घातलेला असतो, तोही काही बाळांना बाधतो. आणि नाकात हे तेल अजिबात टाकायचं नाही. श्वासाबरोबर फुप्फुसात गेलं तर ते तिथेच राहतं आणि वेगळ्या प्रकारचा न्यूमोनिया होतो. तसं कुठलंच तेल नाकात नको.

आता बदाम तेल. स्नेहाताई, सासूबाईंची बाटली उलटी करा आणि घटक वाचा. पहिलाच घटक काय लिहिलाय?

भांडुपची_स्नेहा
"लाइट लिक्विड पॅराफिन". मग काहीतरी व्हेजिटेबल ऑइल, मग बदाम तेल, मग सुगंध, रंग. पुढच्या बाजूला अर्धी बाटली व्यापेल एवढा बदाम.

लेबल_वाचणारा
तेच. लिक्विड पॅराफिन म्हणजे खनिज तेल. घटक ज्या क्रमाने जास्त असतात त्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणून पहिलं नाव सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्याकडे वेगळी दोन तेलं नाहीतच. एकात बाळाचा फोटो आहे, दुसऱ्यात बदामाचा, आत मुख्य माल सारखाच. बदामाच्या फोटोची बाटली बहुधा केसांसाठी आहे, त्यात रंगही आहे. ती बाळाला नको.

कल्याण_लोकल
सासूबाईंना हे कोण सांगणार? धागा दाखवा. नाही, नको, दाखवू नका.

दादर_रमा
पण खरं बदाम तेल मिळतं की, घाण्याचं. महाग असतं, पण लहान बाळाला कितीसं लागतं! माझ्या मुलाला तेच लावलं होतं, गोरा-गोमटा झाला.

सिस्टर_आक्का
रमा, रंग जन्मतः असतो, तेलाने बदलत नाही. डाळीच्या पिठाने लव निघते म्हणून घासतात तेही तसंच. लव आपोआप जाते.

शुद्ध गोड बदामाचं तेल बाळाला वाईटच असं मी म्हणणार नाही. पण बदाम आणि ऑलिव्ह यांची घडण एकच: दोन्हींत ओलेइक आम्ल भरपूर. कातडीचा वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा, विटांमधला चुना म्हणजे तिथली चरबी. ओलेइक जास्त असलं की तो चुना सैल होतो. मोठ्यांना कळतही नाही, नवजाताच्या कातडीला जाणवतं. सूर्यफूल आणि करडई यांत लिनोलेइक जास्त, तो चुना बांधायला लागतो.

शिवाय सुकामेव्याची तेलं आणि शेंगदाणा तेल इसब झालेल्या, फुटलेल्या कातडीवर लावू नयेत. ब्रिटनमध्ये २००३ साली डॉक्टरांनी दाखवलं होतं की इसबाच्या कातडीवर शेंगदाणा तेल असलेली मलमं लावलेल्या मुलांत पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त होती. ॲलर्जी खाऊन नव्हे, कातडीतून शिकवली जाते, असं आता मानतात.

घाणा_प्रेमी
म्हणजे रिफाइंड सूर्यफूल? रसायनांनी धुतलेलं? घाण्याचं, गाळलेलं तेल सोडून हे?

लेबल_वाचणारा
दादा, खायला घाण्याचंच आणा, मला काही म्हणायचं नाही. पण बाळाच्या अंगाला लावायचं तर रिफाइंडमधून वास, रंग आणि बियांमधली प्रथिनं बरीचशी निघून गेलेली असतात, आणि ॲलर्जी प्रथिनांनीच होते. शिवाय घाण्याचं तेल लवकर खवट होतं आणि मुंबईच्या दमटपणात तर आणखी लवकर. खवट तेल कातडीला त्रास देतं. वास घेऊन बघा. बाळाला लावायचं तेल छोट्या बाटलीत घ्या आणि गॅसजवळ ठेवू नका.

अमेरिकेत_मावशी
सूर्यफुलाबद्दल इतकी खात्री देऊ नका. मँचेस्टरमध्ये ११५ नवजात बाळांवर अभ्यास झाला होता, २०१६ साली छापून आला. एका गटाला ऑलिव्ह, एकाला सूर्यफूल, एकाला काहीच नाही, चार आठवडे. दोन्ही तेलांनी कातडीतला ओलावा टिकला, पण चरबीची ती ठेवण दोन्हींत तेल न लावलेल्यांपेक्षा कमी व्यवस्थित दिसली. आमच्या डॉक्टरांनी त्यावरूनच सांगितलं होतं, निरोगी बाळाला तेल नको.

सिस्टर_आक्का
हो, तो मला माहीत आहे. आणि नेपाळच्या तराईत मोहरी आणि सूर्यफूल यांची तुलना झाली होती, तिथे सूर्यफूल लावलेल्या बाळांची कातडी लवकर आम्लधर्मी झाली. जन्मतः कातडी आम्लधर्मी नसते, पहिल्या काही आठवड्यांत होते, आणि तशी झाली की जंतूंना अडवते. म्हणजे मोहरीपेक्षा सूर्यफूल बरं, पण काहीच न लावण्यापेक्षा बरं का, ते ठरलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये हेच धोरण ठेवलं: पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला कातडीचे विकार टाळण्यासाठी रोज तेल-मलम लावायची शिफारस नाही. हळुवार मालिश मात्र करता येईल, म्हणतात. दोन्ही वाक्यं शेजारी वाचली तर गंमत वाटते, पण अर्थ आहे. मालिशचा उपयोग स्पर्शाचा आहे, तेल फक्त हात सरकायला.

जुळ्यांची_आई_ठाणे
आमच्या घरची गोष्ट मात्र वेगळी. जुळी साडेसात महिन्यांतच जन्मली होती, एकाचं वजन दीड किलोच्या आसपास. तिथे डॉक्टरांनीच खोबरेल लावायला सांगितलं, तेही हळू आणि कमी. कारण विचारलं तर म्हणाल्या, मुंबईतल्याच डॉक्टरांचा अभ्यास आहे, २००५ चा. खोबरेल, खनिज तेल आणि नुसती मालिश अशी तुलना केली होती. कमी दिवसांच्या बाळांत खोबरेलवाल्यांचं वजन जास्त वेगाने वाढलं.

भांडुपची_स्नेहा
मग माझी पूर्ण दिवसांची आहे, तिला खोबरेलाने वजनाचा फायदा होणार नाही?

सिस्टर_आक्का
त्या अभ्यासात पूर्ण दिवसांच्या बाळांतही नुसत्या मालिशपेक्षा खोबरेल थोडं पुढे होतं, पण तुझी २९०० वर जन्मलीय आणि दूध पितेय, तू वजनासाठी तेलाकडे बघू नकोस. मुद्दा असा की जुळ्यांच्या आईचं उत्तर आणि तुझं उत्तर एक नाही. कमी दिवसांच्या बाळाची कातडी पातळ असते, पाणी आणि ऊब पटकन गमावते, तिथे तेलाचं काम वेगळं. तिथे कुठलं तेल, किती आणि केव्हा हे तिच्या डॉक्टरने ठरवायचं.

तुझ्यासाठी खोबरेल ठीक, माझं मत. नवजाताला सोसतं, वास सौम्य, घरात कुणी भांडणार नाही. पण खायचं खोबरेल घे, केसांचं नाही.

कल्याण_लोकल
खोबरेल खायचं आणि केसांचं असं वेगळं असतं? आमच्याकडे एकच निळी बाटली.

लेबल_वाचणारा
हा तर कोर्टात गेलेला विषय! छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल खाद्यतेल मानायचं की केसांचं, यावर करासाठी वर्षानुवर्षं भांडण चाललं. २०२४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की खाद्यतेलाचे निकष पाळत असेल आणि केसांचं म्हणून विकत नसेल तर ते खाद्यतेलच. बाटलीवर खाद्यपदार्थाचा परवाना क्रमांक आणि नुसतं "नारळाचं तेल" असेल तर बाळाला चालेल. सुगंध, मेंदी, जास्वंद, कडुलिंब, "जादा थंडावा" असलं काही असेल तर नाही.

आजीचा_बटवा
चला, निदान खोबरेलावर माझं बरोबर होतं. आता ती टाळू भरायची राहिली. टाळूवर तेलाची वाटी ओतून ठेवायची, बाळाला शांत झोप लागते.

सिस्टर_आक्का
टाळूला बोट लावून पुसता येईल एवढं पुरे. वाटी ओतून ठेवल्याने टाळू लवकर भरत नाही, ती आपल्या वेळेला भरते. उलट डोक्यावर पिवळट खपली धरते, तेव्हा लोक आणखी तेल ओततात. खपली मऊ करायला थोडं लावा, अर्ध्या तासाने मऊ ब्रशने सैल करा आणि धुऊन टाका. डोक्यावर रात्रभर ठेवलेलं तेल तिथल्या बुरशीचं जेवण होतं.

कान-नाकात तेल, छातीतून "दूध" पिळून काढणं, हातपाय उलटे-सुलटे ओढणं, हे मावशींना आधीच सांगून ठेव. मुलगी आहे म्हणून छाती पिळण्याचा आग्रह करतील. नाही म्हणायचं. तिथे गळू होतो.

मालिशवालीची_मुलगी
माझी आई वीस वर्षं घरोघरी हेच काम करायची, म्हणून बोलते. बाई नवीन घरी गेली की तिला जे तेल देतील ते लावते, तेव्हा आधी तेल तुम्हीच हातात द्या. मोहरी कडकवणं ही मावशींची पद्धत, पण त्या हट्टी असतीलच असं नाही. आई म्हणायची, बाळ रडायला लागलं की हात चुकतोय. पाजल्यावर लगेच घेऊ नये, तासभर जाऊ द्यावा, नाहीतर ओकी येते. आणि हात धुऊन, नखं कापून. तेल दोन चहाचे चमचे पुरतं, ठिबकायला लागलं की जास्त झालं.

भांडुपची_स्नेहा
थोडा उशीर झाला परत यायला. आक्का, तुम्ही म्हणालात तसं सगळं थांबवलं. आंघोळ, मलमल, पंखा, बस. छातीवरचे आणि मांड्यांवरचे पट्टे हळूहळू विरळ झाले, खरखर गेली. मानेतल्या घामोळ्यांना वेळ लागतोय, उकाडा तसाच आहे. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनीही मोहरीलाच नाव दिलं.

मग डाव्या पोटरीवर रुपयाएवढ्या जागेत खोबरेल लावून दोन दिवस बघितलं. काही झालं नाही. काल मावशींना खोबरेल दिलं. म्हणाल्या, "यात हाडं कशी मजबूत होणार?" मी म्हटलं, हाडांसाठी डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाचे थेंब दिलेत. त्या काही बोलल्या नाहीत, पण चोळलं हळू. वळ्या मी आंघोळीत स्वतः धुतल्या.

सासूबाईंनी बदाम तेलाची बाटली स्वतःच्या केसांसाठी घेतली. खूश आहेत.

दादर_रमा
छान झालं. पण माझा मुलगा बदाम तेलाने बरा राहिलाच ना? सगळ्यांनाच बाधतं असं नाही.

सिस्टर_आक्का
नाहीच. मोहरीही सगळ्यांना बाधत नाही, नाहीतर उत्तरेत कुणी लावलंच नसतं. ज्याला बाधतं त्याला बाधतं, आणि ते आधी कळत नाही, म्हणून पोटरीवर थेंब.

घाणा_प्रेमी
खोबरेलाचं एक सांगा. डिसेंबरात सकाळी बाटलीत दगड होतो. गॅसवर गरम करू का?

लेबल_वाचणारा
चोवीस-पंचवीस अंशांखाली ते गोठतंच. गॅसवर नको, मायक्रोवेव्हमध्येही नको, कुठेतरी चटका बसण्याइतकं गरम होतं. बाटली कोमट पाण्याच्या वाटीत ठेवा आणि आपल्या मनगटावर आधी लावून बघा.

गुडघेदुखी_ग्रस्त
म्हणजे माझ्या गुडघ्यालाही खोबरेल चालेल की मोहरीच ठेवू? ओव्याचं कुणीच सांगितलं नाही.

कल्याण_लोकल
काका, ठेवा मोहरी. पण लसूण कमी, आणि रात्री फडकं बांधू नका. पोटरीवर आधी थेंब.